नोटीस आल्यानंतरचं रिटर्न: कुठला तोटा गेला, कुठला वाचला

हे प्रकरण करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चं, म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळातल्या उत्पन्नाचं आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. सगळी कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात त्यांचे क्रमांक वेगळे आहेत, पण त्या वर्षाच्या रिटर्नला जुनाच कायदा लागतो.

## पार्श्वभूमी

संजय मुलुंडला राहतात आणि लोअर परळच्या एका कंपनीत नोकरी करतात. वर्षाचा पगार १३,५०,०००. राहत्या घरावर कर्ज आहे. कंपनीला त्यांनी जुनी करप्रणाली कळवली होती, त्यामुळे गृहकर्जाचं दोन लाखांचं व्याज आणि ८०सी चे दीड लाख धरून कंपनीनं १,०६,०८० रुपये टीडीएस कापला होता.

त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये हात घातला. सकाळच्या लोकलमध्ये मोबाइलवर सौदे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत सौदे. मार्चअखेर ब्रोकरच्या स्टेटमेंटवर ५,१२,००० रुपयांचा तोटा उभा होता. जुलै २०२४ मध्ये त्यांनी रिटर्न भरलंच नाही. "मॅडम, टॅक्स तर कंपनीनं कापलाच होता. आणि शेअरमध्ये कमावलं काहीच नाही, उलट घालवलं. मग भरायचं कशासाठी?" हे त्यांचे शब्द. या समजातून रिटर्न न भरलेले पगारदार मुंबईत मला दरवर्षी भेटतात.

रिटर्न भरायचं की नाही हे टीडीएसवर ठरत नाही. वजावटी घेण्यापूर्वीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं की रिटर्न बंधनकारक होतं. तोट्याच्या बाबतीत तर निकड आणखी मोठी असते, कारण तोटा पुढच्या वर्षांसाठी जपून ठेवायचा असेल तर तो वेळेत जाहीर करावा लागतो.

## नोटीस

ऑक्टोबरपासून त्यांना 'रिटर्न भरलेलं दिसत नाही' असे एसएमएस आणि ई-मेल येत होते. फसवणुकीचे समजून त्यांनी ते सोडून दिले. नोव्हेंबरच्या अखेरीस कलम १४२(१) ची नोटीस आली तेव्हा ते आमच्याकडे आले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत रिटर्न दाखल करा, असं तिच्यात म्हटलं होतं.

आधी नोटीस खरी आहे का ते पाहिलं. आयकर पोर्टलवर 'Authenticate Notice/Order Issued by ITD' अशी सोय लॉग-इन न करताही मिळते, तिथे नोटिशीवरचा ओळख क्रमांक टाकून खात्री केली. मग लॉग-इन करून 'Pending Actions' खालच्या 'e-Proceedings' मध्ये तीच नोटीस उघडली. जी नोटीस खात्यात दिसत नाही आणि क्रमांकानंही सापडत नाही, तिच्यातल्या लिंकला हात लावू नये.

नोटीस हातात घेऊन संजय एकच प्रश्न विचारत होते, "दंड किती बसेल?" आम्हाला दंडापेक्षा पगाराबाहेरच्या रकमांची काळजी जास्त होती. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, शेअरविक्रीची लाखोंची रक्कम आणि मुदतठेवीचं व्याज दिसत होतं. एआयएसमध्ये विक्रीची पूर्ण किंमत येते, त्यातला नफा-तोटा नाही. उत्तर दिलं नसतं तर कलम १४४ खाली अधिकाऱ्यानं आपल्या अंदाजानं कर ठरवला असता, शिवाय नोटीस न पाळल्याबद्दल दहा हजारांचा दंड वेगळा.

## आकडे मांडल्यावर काय दिसलं

ब्रोकरकडून वर्षाचं करविषयक नफा-तोटा पत्रक मागवलं. त्यातला ५,१२,००० चा तोटा सौद्यांचा होता. दलाली, एक्स्चेंजचे आकार, जीएसटी, एसटीटी असे २८,००० रुपये त्यात धरलेले नव्हते. फ्युचर्स-ऑप्शन्स हा कायद्याच्या दृष्टीनं व्यवसाय आहे, त्यामुळे हे सगळे खर्च वजा होतात. तोटा ५,४०,००० झाला.

बाकीची आकडेवारी अशी निघाली:

- त्याच दिवशी खरेदी-विक्री केलेल्या शेअरमधला, म्हणजे इंट्राडेचा तोटा: ४२,०००
- वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरचा अल्पकालीन भांडवली नफा: १,२०,०००
- जुने शेअर विकून झालेला दीर्घकालीन भांडवली तोटा: ८५,०००
- मुदतठेवीचं व्याज: ६०,००० (त्यावर बँकेनं कापलेला टीडीएस ६,०००)
- आदल्या वर्षाच्या, वेळेत भरलेल्या रिटर्नमधून पुढे आलेला अल्पकालीन भांडवली तोटा: ७०,०००

एकाच ट्रेडिंग खात्यातून तीन प्रकारचे तोटे निघाले होते. संजय त्यांना मिळून 'शेअरचा तोटा' म्हणत होते, पण कायदा त्यांना वेगळे ठेवतो. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा हा साधा व्यवसायातला तोटा. इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा मानला जातो. तिसरा भांडवली. कुठला तोटा कुठल्या उत्पन्नातून वजा होईल आणि किती वर्षं टिकेल, हे या वर्गीकरणावर ठरतं.

## मुदत खरंच ३१ जुलैच होती का?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारला. ज्यांच्या हिशेबांचं ऑडिट बंधनकारक असतं त्यांची मुदत ३१ ऑक्टोबर असते. नोव्हेंबरच्या अखेरीस तीही उलटली होतीच, पण ऑडिट लागत असतं तर रिटर्नबरोबर ऑडिट अहवालाचीही तयारी करावी लागली असती.

फ्युचर्स-ऑप्शन्सची उलाढाल मोजताना प्रत्येक सौद्यातला नफा आणि तोटा, दोन्ही धन धरून बेरीज करतात. संजय यांची ती सुमारे ४६ लाख आली. सगळे व्यवहार बँकेतून झालेले असले की ऑडिटची मर्यादा दहा कोटी असते, आणि अंदाजित उत्पन्नाची ४४एडी योजना त्यांनी पूर्वी कधी घेतलेली नव्हती. म्हणजे ऑडिट नाही आणि मुदत ३१ जुलै २०२४. उलाढाल पंचवीस लाखांच्या वर असल्यानं हिशेब मात्र ठेवावे लागणार होते, म्हणून आयटीआर-३ या व्यवसाय असलेल्यांच्या रिटर्न फॉर्ममध्ये नफा-तोटा खातं आणि ताळेबंद, दोन्ही भरायचे ठरले.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय: तोटा न दाखवता साधं रिटर्न. हा संजय यांनीच सुचवला. "उशिरा भरलं की तोटा पुढे जात नाही ना? मग तो दाखवून काय उपयोग? फॉर्म तेवढा सोपा होईल." ओळखीच्या कुणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं. या प्रकरणातला सगळ्यात महाग पडू शकणारा सल्ला हाच होता.

कलम ८० फक्त एवढंच म्हणतं, की मुदतीत रिटर्न भरलं नाही तर व्यवसायाचा, सट्ट्याचा आणि भांडवली तोटा *पुढच्या वर्षांत* नेता येणार नाही. त्याच वर्षाच्या इतर उत्पन्नातून तोटा वजा करणं ही कलम ७० आणि ७१ ची बाब आहे आणि तिला मुदतीची अट नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण व्याज आणि भांडवली नफ्यातून होतो. म्हणजे उशिराच्या रिटर्नमध्येही ५,४०,००० मधले ६०,००० व्याजासमोर आणि १,२०,००० अल्पकालीन नफ्यासमोर उभे करता येत होते. तोटा दाखवलाच नसता तर व्याजावर २० टक्क्यांनी १२,०००, आदल्या वर्षीचे ७०,००० वजा जाऊन उरलेल्या ५०,००० च्या भांडवली नफ्यावर १५ टक्क्यांनी ७,५०० आणि त्यावर उपकर, असा २०,२८० रुपयांचा जास्तीचा कर त्यांनी हातानं ओढवून घेतला असता. व्याज निराळंच.

दुसरा पर्याय: पूर्ण आयटीआर-३, सगळ्या तोट्यांसह. काम जास्त, पण वरचा लाभ मिळतो आणि एआयएसशी मेळही बसतो.

तिसरा पर्याय: विलंब माफीचा अर्ज. कलम ११९(२)(ब) खाली तोटा पुढे नेण्यासाठी विलंब माफ करून मागता येतो. प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्रमांक ११/२०२४ नुसार एक कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय आयकर आयुक्त किंवा प्रधान आयुक्त घेतात, आणि अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. विलंबाला सबळ कारण होतं आणि माफी न मिळाल्यास खरी अडचण होईल, या दोन्ही गोष्टी पटवून द्याव्या लागतात.

यावर आम्ही बराच वेळ बोललो. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास झाली होती, ते कारण द्यावं असं संजय यांच्या मनात होतं. पण शस्त्रक्रिया जूनच्या सुरुवातीची होती आणि जुलैभर ते रोज कामावर जात होते. रिटर्न राहिलं ते शस्त्रक्रियेमुळे नाही, भरायची गरज वाटली नाही म्हणून. मी त्यांना सांगितलं, की कायदा माहीत नव्हता एवढ्यावर माफी मिळण्याची आशा मला दिसत नाही, आणि घडलं नाही ते कारण म्हणून मी लिहून देणार नाही. ज्या माणसाचा जुलै महिना रुग्णालयात गेला आहे आणि ज्याच्याकडे त्याची कागदपत्रं आहेत, त्यानं हा अर्ज जरूर करावा.

मग माफीसाठी झगडण्याएवढी गेलेल्या तोट्याची किंमत होती का, हेही तपासलं. फ्युचर्स-ऑप्शन्सचे उरलेले ३,६०,००० वेळेत भरले असते तर आठ वर्षं टिकले असते, पण फक्त व्यवसायाच्या नफ्यासमोर. इंट्राडेचे ४२,००० चार वर्षं, आणि तेही सट्ट्याच्याच नफ्यासमोर. संजय यांनी दोन्ही प्रकारचे सौदे बंद केले होते, घरात तसा शब्द दिला होता. ज्याला पुढे तसा नफा होणारच नाही, त्याच्या हातून हे दोन तोटे गेल्यानं प्रत्यक्ष नुकसान जवळपास शून्य आहे. हळहळ वाटावी असा एकच तोटा होता, दीर्घकालीन ८५,००० चा. त्यांच्या म्युच्युअल फंडातला नफा पुढे कधीतरी करपात्र होईल, तेव्हा साडेबारा टक्के दर आणि उपकर धरून याचे सुमारे ११,००० रुपये वाचले असते. हा तोटा याच वर्षीच्या अल्पकालीन नफ्यातून वजा करता आला नसता का? नाही. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, वेळेत भरा वा उशिरा.

अद्ययावत रिटर्नचा, म्हणजे कलम १३९(८अ) चा विषय त्यांनी काढला होता. तोट्याचं रिटर्न त्या मार्गानं नव्यानं भरता येत नाही आणि वर जादा कर द्यावा लागतो, म्हणून तो लगेच बाजूला ठेवला.

## करप्रणालीचा पेच

तोट्यांच्या चर्चेत हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि संजय यांच्या खिशाला खरा चटका इथेच बसला.

करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मुदतीतच निवडावी लागते, आणि व्यवसायाचं उत्पन्न असेल तर त्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीच्या आत भरावा लागतो. फ्युचर्स-ऑप्शन्समुळे संजय 'व्यवसाय असलेले' करदाते झाले होते. ३१ जुलै गेली तशी जुनी करप्रणालीही गेली. कंपनीला काय कळवलं होतं, याचा इथे काही संबंध राहत नाही.

त्यामुळे गृहकर्जाचं दोन लाखांचं व्याज आणि ८०सी, दोन्ही निघाले. "घराचा तोटा तर उशिरा भरलं तरी पुढे जातो असं वाचलं होतं," असं त्यांनी विचारलं. वाचलेलं बरोबर होतं. कलम ८० च्या यादीत घरमालमत्तेचा तोटा नाही आणि शिल्लक घसाराही नाही, त्यामुळे उशिराच्या रिटर्नमुळे ते दोन बुडत नाहीत. पण नव्या प्रणालीत राहत्या घराच्या कर्जाचं व्याज वजाच होत नाही. वजावटच नाही तर तोटा निर्माण होत नाही, आणि निर्माण न झालेला तोटा पुढे नेण्याचा प्रश्न येत नाही.

## काय केलं

रिटर्न कुठल्या कलमाखाली दाखल करायचं, यावर आमच्या कार्यालयातच दोन मतं होती. फॉर्ममध्ये १३९(४), म्हणजे उशिराचं रिटर्न, असा पर्याय असतो आणि '१४२(१) च्या नोटिशीला उत्तर' असाही असतो. नोटीस आली म्हणजे १३९(४) चा रस्ता बंद होतो असं कायद्यात म्हटलेलं नाही. करनिर्धारण झालेलं नसेल तर तो ३१ डिसेंबरपर्यंत खुला असतो. १३९(४) खालच्या रिटर्नमध्ये चूक निघाली तर ते मुदतीत सुधारता येतं, १४२(१) खालचं सुधारता येत नाही. आयटीआर-३ पहिल्यांदाच भरला जात होता, ताळेबंद नव्यानं मांडला होता, म्हणून सुधारणेची वाट मोकळी ठेवणं मला महत्त्वाचं वाटलं. नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत १३९(४) खाली भरायचं आणि पोचपावती नोटिशीला उत्तर म्हणून जोडायची, असं ठरलं. तोट्यांचा निकाल दोन्ही कलमांखाली सारखाच लागला असता.

कराचा हिशेब असा झाला. पगारातून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १३,००,०००. व्याज आणि अल्पकालीन नफा फ्युचर्स-ऑप्शन्सच्या तोट्यात पूर्ण विरले. नव्या दरांनी कर १,१०,०००, उपकरासह १,१४,४००. दोन्ही टीडीएस मिळून १,१२,०८०, म्हणजे २,३२० बाकी. ऑगस्ट ते डिसेंबर अशा पाच महिन्यांचं कलम २३४अ खालचं व्याज ११५ रुपये. उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्यानं २३४एफ खालचं विलंब शुल्क ५,०००. बाकी कर दहा हजारांच्या आत असल्यानं आगाऊ करावरचं व्याज लागलं नाही. ७,४४० रुपये आधी भरले, चलनाचा तपशील फॉर्ममध्ये घातला आणि १२ डिसेंबरला रिटर्न दाखल करून त्याच दिवशी आधार ओटीपीनं पडताळणी केली. पडताळणी तीस दिवसांच्या पुढे गेली तर पडताळणीची तारीख हीच दाखल केल्याची तारीख धरतात, आणि इथे तसं झालं असतं तर ३१ डिसेंबरही हुकली असती.

शेवटी 'e-Proceedings' मध्ये जाऊन पोचपावती, ब्रोकरचं पत्रक आणि अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण जोडलं. रिटर्न भरलं की नोटीस आपोआप निकाली निघते असं समजून हे पाऊल गाळणारे बरेच असतात, आणि मग त्यांच्या खात्यात ती नोटीस उत्तराविना पडून राहते.

## आदल्या वर्षाचे सत्तर हजार

संजय यांना वाटत होतं, या वर्षीचं रिटर्न उशिरा गेलं म्हणजे आदल्या वर्षीचा ७०,००० चा अल्पकालीन तोटाही बुडाला. तसं नाही. तोटा ज्या वर्षी झाला त्या वर्षीचं रिटर्न वेळेत होतं का, एवढंच पाहिलं जातं. ते जुलै २०२३ मध्ये वेळेत भरलं होतं.

इथे क्रमाचाही फायदा झाला. चालू वर्षाचे तोटे आधी वजा होतात, मागून आलेले नंतर. १,२०,००० चा नफा फ्युचर्स-ऑप्शन्सच्या तोट्यानं आधीच संपवला, त्यामुळे जुन्या सत्तर हजारांना हात लागला नाही. शेड्यूल सीएफएलमध्ये आदल्या रिटर्नची तारीख घालून ते तसेच पुढे नेले. करनिर्धारण वर्ष २०३१-३२ पर्यंत ते वापरता येतील. पहिल्या पर्यायानं, तोटा लपवून साधं रिटर्न भरलं असतं, तर त्या रिटर्नमध्ये हे सत्तर हजार नफ्यासमोर खर्ची पडले असते आणि हातात काही उरलं नसतं.

## निष्पत्ती

कलम १४३(१) खालची सूचना आली ती भरलेल्या आकड्यांशी जुळणारी होती. नोटिशीवर पुढे विचारणा झाली नाही.

दरम्यान मुंबई उच्च न्यायालयात ८७अ च्या सवलतीवरून चाललेल्या जनहित याचिकेनंतर त्या वर्षीच्या उशिराच्या रिटर्नची मुदत निवासी व्यक्तींसाठी १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. ती बातमी वाचून संजय यांचा फोन आला, आता तोटा पुढे नेता येईल का? वाढली ती १३९(४) ची मुदत. तोट्याला १३९(१) ची मुदत लागते, आणि ती ३१ जुलैलाच संपली होती.

## वेगळं काय करता आलं असतं

वेळेत, जुन्या प्रणालीत भरलं असतं तर कर १,०६,०८० एवढाच झाला असता. बँकेनं कापलेले ६,००० परत मिळाले असते आणि तिन्ही तोट्यांचे मिळून ४,८७,००० पुढे गेले असते. त्याऐवजी ७,४४० भरावे लागले. रोख फरक १३,४४०, तोटे वेगळे.

जुलैमध्ये ब्रोकरचं पत्रक अपुरं वाटत असेल तरी आहे त्या आकड्यांनी, तोट्यांची शेड्यूल्स भरून, मुदतीत रिटर्न दाखल करावं. खर्चाचे २८,००० राहून गेले असते तर ते डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्नमध्ये घालता आले असते. फ्युचर्स-ऑप्शन्सचा एक जरी सौदा झाला असेल आणि जुनी प्रणाली हवी असेल, तर रिटर्नच्या आधी फॉर्म १०-आयईए भरून त्याची पोचपावती ठेवावी. ऑक्टोबरमधला पहिला एसएमएस आला तेव्हा पोर्टलवर लॉग-इन केलं असतं तर तोटे वाचले नसते, पण नोटिशीची वेळ बहुधा आली नसती आणि व्याजाचे दोन महिने कमी झाले असते.